शेळी अडली तर: खूर दिसतात, तोंड दिसत नाही, तेव्हा काय करायचं

शेळी विताना मायांगातून दोन इवले खूर डोकावले की भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "दिसतंय ना, मग ओढा की." हा लेख त्या क्षणासाठी आहे. दोन खूर बाहेर आणि तोंडाचा पत्ता नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा करडाची मान मागे वळली आहे. अशा वेळी पाय ओढले तर डोकं पुढं येत नाही, उलट करडाच्याच बरगड्यांकडं आणखी दाबलं जातं. आधी आत ढकलायचं, मग मान सरळ करायची, आणि ओढायचं सगळ्यात शेवटी. नव्यानं शेळीपालन सुरू केलेल्यांनी दुसरं काही नाही तरी हा क्रम पक्का लक्षात ठेवावा.

पुण्याच्या आसपास शिरूर, खेड, पुरंदर, जुन्नर या भागांत गेल्या काही वर्षांत पाच-दहा शेळ्यांचे गोठे बरेच झालेत. त्यातले कित्येक जण चाकणच्या बाजारातून गाभण शेळ्या आणतात. त्या कधी भरल्या, कुठल्या बोकडानं भरल्या, हे विकणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. शेळी साधारण १५० दिवसांनी विते, पाच-सहा दिवस इकडं-तिकडं. तारीखच माहीत नसेल तर तयारी कधी करायची हे कळत नाही आणि रात्री अकरा वाजता घरात ना जेल असतं, ना हातमोजे. दुसरी गोष्ट बोकडाची. अंगानं लहान असलेली पहिलटकरीण पाठ, म्हणजे तरुण शेळी, दांडग्या बोअर बोकडाकडून भरवली तर करडाचं डोकं आणि खांदे मोठे होतात, वाट मात्र लहानच राहते. पहिलं वेत स्थानिक, बेताच्या बांध्याच्या बोकडाकडूनच घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

घड्याळ कधी सुरू करायचं

वितानाचा पहिला टप्पा लांब असतो. शेळी कळपातून बाजूला होते, पुढच्या पायानं जमीन उकरते, उठते-बसते, मागं वळून पोटाकडं बघते, चिकट स्राव लोंबतो. हे कित्येक तास चालतं, पहिल्या वेताला तर जास्तच. या काळात तिला हात लावायचा नाही. गर्भाशयाचं तोंड अजून उघडत असतं. घाईनं हात घातला तर ते काम अर्धवट राहतं आणि जंतू मात्र आत जातात.

खरं घड्याळ सुरू होतं ते ती आडवी पडून, पाय ताणून, ओरडत जोर द्यायला लागते तेव्हा. पाण्याचा फुगा दिसतो, फुटतो. सगळं सरळ असेल तर इथून अर्ध्या-पाऊण तासात करडू बाहेर येतं. म्हणून दोन वेळा भिंतीवर खडूनं लिहून ठेवा: जोर सुरू झाला ती आणि फुगा फुटला ती. जोराच्या कळा अर्धा तास चालूनही काही पुढं सरकत नसेल, किंवा फुगा फुटून तास होत आला तरी काही दिसत नसेल, तर तपासायची वेळ झाली. आणि जे दिसतंय तेच चुकीचं असेल, म्हणजे फक्त तोंड, फक्त एक पाय, फक्त शेपूट किंवा दोन पायांवर नाक नाही, तर अर्धा तासही थांबू नका.

एक फसवी स्थिती इथंच सांगते. कधी कधी शेळी सकाळपासून बेचैन असते पण जोर असा देतच नाही. माणसाला वाटतं अजून वेळ आहे. करडू आडवं असलं किंवा ढुंगणाकडून आलं असलं की कमरेच्या हाडांच्या वाटेत काहीच शिरत नाही, त्यामुळं जोराची कळ नीट येत नाही. बेचैनीला दिवस उलटला आणि कळा नाहीत, किंवा शेळी मलूल होऊन बसली, तर डॉक्टरांना बोलवा.

आधी फोन, मग हात

तपासायचं ठरलं की पहिलं काम फोन. तुम्हाला जमलं तर डॉक्टरांना येऊ नका म्हणून कळवता येतं. नाही जमलं तर तोवर ते निम्म्या वाटेवर असतात. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर आणि १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा. रात्रीची सोय सगळीकडं सारखी नसते. शेळी शेवटच्या महिन्यात गेली की रात्री कोण येईल हे दिवसाउजेडी विचारून ठेवा.

मग हात. नखं अगदी मुळापासून कापा. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढा. कोपरापर्यंत साबणानं धुवा आणि खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे हातमोजे घाला, ते पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळतात. शेळीचं मायांग आणि शेपटीखालचा भाग कोमट पाण्यानं, जंतुनाशक टाकून स्वच्छ करा. हातावर आणि आतही भरपूर वंगण हवं. प्रसूतीसाठीचं जेल सगळ्यात चांगलं. ते नसेल तर लिक्विड पॅराफीन चालतं. कपड्याच्या साबणाचा किंवा भांड्याच्या लिक्विडचा फेस आत घालू नका, त्यानं आतला नैसर्गिक ओशटपणा धुऊन जातो आणि अस्तर सुजतं.

पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मऊ सुती किंवा नायलॉनच्या तीन दोऱ्या, प्रत्येकी हातभर, उकळून ठेवा. त्यातल्या एकीला टोकाशी गाठ मारा, म्हणजे उजवा पाय कुठला नि डावा कुठला हे बाहेरूनच कळतं.

हातमोज्यांबद्दल थोडं कडकच सांगते. ब्रुसेला हा जंतू शेळ्या-मेंढ्यांच्या गर्भजलात, जारेत आणि गर्भपात झालेल्या करडात मोठ्या प्रमाणावर असू शकतो आणि माणसाला महिनोन्महिने येत-जात राहणारा ताप, सांधेदुखी देतो. घरातल्या गरोदर बाईनं या कामात अजिबात हात घालू नये, जारही उचलू नये. बाईचा हात बारीक म्हणून शेळीसाठी तो चांगला, हे खरं आहे, पण गरोदर असेल तर नाही.

आत नेमकं काय लागतंय

बोटं एकत्र करून हाताचा निमुळता आकार करा आणि दोन कळांच्या मधल्या वेळात सावकाश आत जा. कळ आली की हात तिथंच स्थिर ठेवा, तिच्या विरुद्ध जोर लावू नका.

पहिला प्रश्न: तोंड उघडलंय का? गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलेलं असेल तर हाताला कुठंही कडा लागत नाही. दोन-तीन बोटं जेमतेम जातील असं घट्ट कडं लागलं तर पुढं जायचं नाही. त्याला ताणून उघडायचा प्रयत्न केला तर ते फाटतं. ते डॉक्टरांचंच काम.

दुसरा प्रश्न: हा पाय पुढचा की मागचा? याची खात्रीची खूण सांध्यात आहे. खुराच्या लगेच वरचा सांधा वाकवा, मग त्याच्या वरचा. दोन्ही एकाच दिशेला वाकले तर पाय पुढचा. एक एकीकडं आणि दुसरा उलट दिशेला वाकला, आणि तिथं टाचेचं टोकदार हाड लागलं, तर पाय मागचा. खुराचा तळवा खाली की वर यावरूनही अंदाज येतो, पुढच्या पायांचे तळवे सहसा खाली आणि मागच्यांचे वर असतात. पण करडू उताणं असेल तर ही खूण फसवते, सांधा फसवत नाही.

तिसरा प्रश्न नवे लोक विचारतच नाहीत: हे दोन्ही पाय एकाच करडाचे आहेत का? उस्मानाबादी शेळीला जुळी होणं नेहमीचं आहे. फलटणच्या निंबकर संस्थेनं तयार केलेल्या नारी सुवर्णा मेंढीलाही जुळी कोकरं होतात. साध्या दख्खनी मेंढीला मात्र बहुतेक वेळा एकच. जुळ्यांत एकाचा एक पाय आणि दुसऱ्याचा एक पाय असे वाटेत येऊ शकतात. म्हणून एका पायावरून बोटं सरकवत खांद्यापर्यंत जा, तिथून छाती ओलांडून दुसऱ्या खांद्यावर आणि त्या पायानं परत खाली या. बोटं तुटक न होता फिरली तरच ते पाय एकाचे. त्याच छातीवरून मानेनं डोक्यापर्यंत जा. डोकंही त्याचंच आहे ना हे बघा. ही फेरी मारल्याशिवाय दोरी बांधायची नाही.

मान वळलेलं करडू: एक प्रसंग सविस्तर

शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवर शेजारच्या काकूंची उस्मानाबादी पाठ पहिल्यांदाच वीत होती. साडेसहाच्या सुमाराला फुगा फुटला. सातला दोन खूर दिसले, तळवे खाली. सव्वासातपर्यंत कळांवर कळा येत होत्या आणि खूर तेवढेच बाहेर, कळ ओसरली की परत आत. काकूंचा मुलगा गोणपाटाचा तुकडा घेऊन पाय धरायच्या तयारीत होता.

"ताई, नाक लागतंय का बघा आधी. मला काही दिसत नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी अगदी बरोबर प्रश्न विचारला होता. डॉक्टरांना फोन झाला, ते तासाभरात पोचतो म्हणाले. तोवर मोबाईलवर पंधरा मिनिटांचा गजर लावला आणि मी हात धुतले.

आत दोन्ही पाय पुढचे, एकाच करडाचे. दोन पायांच्या वर, जिथं नाक टेकलेलं असायला हवं, तिथं मोकळी जागा. छातीवरून बोटं वर नेली तर मान लागली आणि ती डावीकडं वळून मागं गेलेली. ताणून बोटं पुढं नेल्यावर आधी कान लागला, मग डोळ्याची खोबण. खुराच्या दोन फाकांच्या मध्ये चिमटा काढला तर करडानं पाय आखडला. म्हणजे जिवंत होतं. तोंडापर्यंत बोट पोचत असेल तर जिभेवर ठेवून बघावं, जिवंत करडू चोखायचा प्रयत्न करतं.

पहिलं काम, दोन्ही पायांना खुराच्या वरच्या सांध्याच्याही वर दोरीचा फास. हे ओढण्यासाठी नव्हे. पाय आत ढकलले तर परत सापडावेत म्हणून. दोऱ्यांची टोकं मुलाच्या हातात दिली आणि सांगितलं, सैल धर, मी म्हणेपर्यंत ताण द्यायचा नाही.

दुसरं काम, शेळीची बाजू. मान जिकडं वळली आहे ती बाजू वर येईल असं शेळीला निजवायचं. डोकं डावीकडं होतं म्हणून तिला उजव्या कुशीवर निजवलं आणि मागच्या भागाखाली भुश्शानं भरलेली गोणी सरकवली. मागचा भाग उंच झाला की पोटातलं वजन पुढं सरकतं आणि हाताला जागा मिळते. उभी राहायला तयार असलेली शेळी उतारावर, डोकं खाली करून उभी केली तरी तोच फायदा.

तिसरं काम, ढकलणं. जेल पुन्हा आत सोडलं. कळ ओसरल्यावर तळहात करडाच्या छातीवर, दोन पायांच्या मधोमध ठेवून त्याला सावकाश आत लोटलं, चार-पाच बोटं एवढंच. कळ आली की थांबायचं, नुसतं धरून ठेवायचं. यात घाई केली तर गर्भाशय फाटू शकतं, कारण पाणी गेलेलं गर्भाशय करडाला घट्ट बिलगलेलं असतं.

चौथं काम, डोकं वळवणं, आणि खरं कसब इथंच लागतं. एका हाताची बोटं डोळ्यांच्या खोबणींच्या कडेवर, खाली न दाबता, ठेवून डोकं आपल्याकडं आणलं. तोंड हाताच्या कवेत आलं तेव्हा संपूर्ण नाक-जबडा तळहातात झाकून घेतला. खालचे दात करडाला जन्मताच असतात आणि ते धारदार असतात. तोंड वळताना उघडं राहिलं तर गर्भाशयाचं अस्तर चिरतं. म्हणून तळहात दात आणि गर्भाशय यांच्या मध्ये राहायला हवा. नुसत्या खालच्या जबड्याला धरून कधीही ओढू नका, तो मोडतो. त्याच वेळी दुसरा हात बाहेरून, मायांगापाशी पाय सैल धरून होता. डोकं हळूहळू वळलं आणि नाक दोन पायांवर येऊन बसलं.

डोकं परत निसटू नये म्हणून तिसरी दोरी. ती दोन्ही कानांच्या मागून घेऊन तोंडातून आडवी काढायची, लगामासारखी. गळ्याभोवती फास घालायचा नाही. या दोरीचं काम डोक्याला दिशा देणं एवढंच, वजन पायांवरच घ्यायचं.

आता ओढणं. कळ आली की ओढायचं, कळ थांबली की आपणही थांबायचं. दोन्ही पाय एकदम नाही. आधी एक थोडा पुढं, मग दुसरा, म्हणजे एकेक खांदा वाटेतून सुटतो. सुरुवातीला सरळ बाहेर, आणि कपाळ बाहेर आलं की खाली, शेळीच्या टाचांच्या दिशेनं. जोर एका माणसाच्या हातांचा, तोही बसल्या जागी येईल तेवढाच. दोघांनी मिळून ओढायची वेळ आली तर समजा काहीतरी अजून चुकलेलं आहे. गजर वाजायला दोन-तीन मिनिटं होती तेव्हा करडू बाहेर आलं. मान अजून डावीकडं वाकडी, जीभ सुजलेली, पण श्वास चालू.

लगेच हात पुन्हा धुऊन आत तपासलं. दुसरं होतंच, आणि ते मागच्या पायांनी येत होतं. तळवे वर, सांधे उलट दिशांना वाकणारे, टाचेचं हाड स्पष्ट. अशा करडाला फिरवून सरळ करायचा प्रयत्न करू नये. मागचे दोन्ही पाय वाटेत असतील तर ते तसंच बाहेर येऊ शकतं. आधी पाय हलके, सरळ मागं ओढून कंबर वाटेतून काढायची, मग खाली. एक गोष्ट मात्र वेगळी. कंबर बाहेर आली की नाळ हाडांमध्ये दाबली जाते, आणि डोकं अजून आतच असतं. करडू तिथं श्वास घ्यायला गेलं तर पाणी छातीत जातं. म्हणून कंबर सुटेपर्यंत सावकाश, पण त्यानंतर न थांबता एका दमात. काकूंनी आधीच फडकं तयार ठेवलं होतं, बाहेर येताच त्यांनी नाक-तोंड पुसलं.

बाकीच्या अडचणी, थोडक्यात

नाक आणि खूर एकाच पातळीवर दिसत असतील तर कोपर हाडाला अडकलं आहे. नीट आलेल्या करडाचं नाक गुडघ्यांपाशी असतं, खुरांपाशी नाही. डोकं किंचित मागं लोटून एकेक पाय वर आणि पुढं सरळ केला की सुटतं. हे नव्या माणसालाही जमण्यासारखं आहे.

एक पाय मागं राहिला असेल तर खांद्यापासून बोटं खाली नेऊन गुडघा शोधायचा, गुडघा वर ढकलायचा आणि खूर मुठीत झाकून पुढं आणायचा. खूर झाकणं विसरू नका, उघडा खूर गर्भाशय फाडतो.

फक्त डोकं बाहेर आणि दोन्ही पाय आत, यात डोकं सुजून भोपळ्याएवढं होतं, जीभ निळी पडते. मेलं असं वाटतं, पण अनेकदा जिवंत असतं. डोक्याला धरून ओढायचा मोह इथं सगळ्यात मोठा असतो आणि त्यानं मान तुटते. डोकं ओल्या स्वच्छ फडक्यानं झाका, जेल लावा, शेळीला जोर देताना आपटू देऊ नका आणि डॉक्टरांना तातडीनं बोलवा.

बोटांना फक्त शेपूट आणि ढुंगण लागलं, पाय कुठंच नाहीत, तर दोन्ही मागचे पाय पोटाखाली पुढं गेले आहेत. करडाला आत लोटून, टाचेचा सांधा घट्ट दुमडून, खूर मुठीत घेऊन एकेक पाय मागं आणावा लागतो. आत जागा फार कमी असते. हे मी नव्या माणसाला सांगणार नाही. तसंच हाताला करडाची पाठ लागली, आडवं करडू असलं, किंवा तीन-चार पाय एकदम हाताला आले आणि कुठला कुणाचा ते कळेना, तरी हात बाहेर काढा.

कुठं थांबायचं

पंधरा-वीस मिनिटं आत काम करूनही स्थिती बदलली नाही तर थांबा. जवळजवळ झालंच आहे असं वाटत असलं तरी थांबा. त्यानंतर आतलं अस्तर सुजतं, कोरडं पडतं, आणि डॉक्टर आल्यावर त्यांच्या हातालाही जागा उरत नाही. गजर याचसाठी लावायचा, कारण त्या वेळी माणसाला वेळेचं भान राहत नाही.

काही खुणा दिसल्या तर पंधरा मिनिटंही द्यायची नाहीत. लालभडक ताजं रक्त वाहायला लागलं. आतला भाग मुरगळलेल्या कपड्यासारखा पिळलेला लागला, म्हणजे गर्भाशयालाच पीळ पडलेला असू शकतो. दुर्गंधी येतेय, करडाचे केस हाताला सुटून येताहेत, कातडीखाली हवा भरल्यासारखं चुरचुरतंय, म्हणजे करडू मरून सडायला लागलंय. सगळं सरळ आहे, डोकं-पाय जागेवर आहेत, दोन-तीन कळांना नीट ओढूनही कपाळ वाटेत शिरत नाही, म्हणजे करडू वाटेपेक्षा मोठं आहे. शेळी थंड पडलीय, मान टाकलीय, उठत नाही. यातल्या कशालाही ताकद हे उत्तर नाही. यातल्या काहींत पोट उघडून करडू काढावं लागतं. शेळीत ते ऑपरेशन नेहमीचं आहे आणि वेळेत झालं तर शेळी वाचते. स्थानिक डॉक्टरांनी पुढं न्यायला सांगितलं तर औंधचं जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय किंवा भोर-पुरंदरकडच्यांना जवळ पडणारं शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठता येतं. निघण्याआधी फोन करून सर्जन आहेत का ते विचारा.

आणि एक इंजेक्शन. कळा वाढवायचं ऑक्सिटोसिन मेडिकलवाल्याकडून आणून टोचणारे लोक अजून भेटतात. वाट अडलेली असताना ते दिलं तर गर्भाशय बंद दारावर जोर लावत राहतं आणि फाटतं. करडू सरळ आहे आणि गर्भाशयाचं तोंड उघडलंय हे तपासल्याशिवाय डॉक्टरही ते देत नाहीत.

फोनवर डॉक्टरांना "शेळी अडलीय, लवकर या" एवढंच सांगून भागत नाही. असं सांगा: "पहिलं वेत आहे, फुगा साडेसहाला फुटला, दोन पुढचे पाय बाहेर आहेत, मान डावीकडं वळलीय, करडू जिवंत आहे, दहा मिनिटं हात घातला होता, रक्त नाही." एवढ्यावरून त्यांना काय सामान घ्यायचं आणि किती घाई करायची ते कळतं. ते येईपर्यंत शेळीला स्वच्छ भुश्शावर ठेवा, पाणी पाजा, आणि पुन्हा पुन्हा हात घालून बघू नका.

करडू बाहेर आल्यावर

नाकातोंडातला चिकटा बोटानं काढा, करडाची छाती जमिनीला टेकेल असं बसवा आणि कोरड्या गोणपाटानं जोरात पुसा. श्वास घेत नसेल तर नाकपुडीत गवताची काडी फिरवा, शिंक आली की श्वास सुरू होतो. नाळेला टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा, वरवर शिंपडू नका. शेळीला चाटू द्या.

मान वळलेलं करडू पहिले एक-दोन दिवस नीट उभं राहून कास पकडू शकत नाही, जीभ सुजलेली असते. काकूंच्या पहिल्या करडालाही चीक पिळून बाटलीनं पाजावा लागला, तिसऱ्या दिवशी ते स्वतः प्यायला लागलं. पहिला चीक तासा-दोन तासांच्या आत पोटात जायला हवा आणि पहिल्या दिवसात वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे दोन किलोच्या करडाला २०० मिलि, चार-पाच वेळांत विभागून. चोखतच नसेल तर बाटली जबरदस्तीनं तोंडात ओतू नका, चीक फुफ्फुसात जातो. नळीनं पाजायचं असेल तर डॉक्टरांकडून एकदा समोर करून घ्या.

आत हात गेलेल्या प्रत्येक शेळीला डॉक्टरांनी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी बघायला हवं, सगळं नीट झालं असलं तरी. प्रतिजैविक, वेदनाशामक आणि धनुर्वाताची लस यांचं ते ठरवतात. काकूंच्या शेळीला डॉक्टरांनी साडेआठला येऊन तपासलं, आत चिरा नाहीत याची खात्री केली आणि मग औषधं दिली. जार सहसा काही तासांत पडतो. बारा तास होऊनही लोंबत असेल तर ओढू नका, त्याला वजनही बांधू नका, डॉक्टरांना कळवा. पडलेला जार हातमोजे घालून उचला आणि कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल, चुना टाकून पुरा. पुढचे चार-पाच दिवस शेळीचं तापमान सकाळ-संध्याकाळ बघा. १०४ अंश फॅरनहाइटच्या वर गेलं, चारा सोडला, किंवा घाण वासाचा स्राव आला, तर तोच डॉक्टरांचा नंबर पुन्हा लावा आणि हात कधी घातला होता ते सांगा.